व्यायामाआधीची कॉफी: किती चमचे, किती वाजता आणि कुणी घेऊ नये

जिममधले प्रशिक्षक सांगतात, व्यायामाआधी एक कप काळी कॉफी मारून या. दुसरीकडे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात चहा-कॉफीला आवर घालायला सांगितलं: दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनच्या पुढे जाऊ नका आणि जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी नको. पहाटे उठून पळायला जाणाऱ्या माणसानं मग कुणाचं ऐकायचं?

या दोन सल्ल्यांत खरं तर भांडण नाही. व्यायामाआधी मोजून घेतलेली कॉफी कामगिरी थोडी सुधारते, हे अनेक प्रयोगांतून दिसलेलं आहे. पण ‘एक कप’ म्हणजे किती, याचा आपल्याकडे पत्ताच नसतो. एका घरातल्या कपात ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं, दुसऱ्या घरातल्या तेवढ्याच कपात १२०. पहिल्या कपानं काहीच होत नाही, दुसऱ्यानं हात थरथरतात. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मोजमापाला दिली आहे.

## कॉफी ताकद देत नाही, थकव्याची जागा अडवते

दिवसभर मेंदू आणि स्नायू काम करत असतात, तेव्हा ॲडेनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ॲडेनोसिन जाऊन बसलं की मेंदूला ‘आता पुरे, थांब’ असा निरोप मिळतो. त्यालाच आपण थकवा, जडपणा, झोप म्हणतो.

कॅफीनची घडण ॲडेनोसिनशी बरीच जुळते. त्यामुळे ते त्याच जागांवर जाऊन बसतं, पण निरोप काही देत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे. जागेवर माणूस बसलेला नसतो, तरी ती अडलेली असते आणि खरा प्रवासी उभाच राहतो. तसं ॲडेनोसिन आजूबाजूला असतं, पण बसायला जागा नसल्यानं त्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे कॉफीमुळे अंगात नवी ऊर्जा येत नाही. बिनसाखरेच्या काळ्या कॉफीत उष्मांक जवळजवळ शून्य असतात. बदलतं ते इतकंच, की त्याच वेगानं पळताना कष्ट कमी वाटतात आणि म्हणून आपण जरा जास्त जोर लावतो. दुसरी गोष्ट, उभे असलेले प्रवासी कुठे गेलेले नसतात. कॅफीन उतरलं की ते सगळे एकदम बसतात. शर्यतीनंतर दुपारी अचानक डोळे मिटायला लागतात, त्याचं एक कारण हे आहे.

## फायदा होतो तरी किती?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात २०१३मध्ये झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे, कारण त्यात कॅफीनच्या गोळीबरोबर खरी इन्स्टंट कॉफीही तपासली होती. आठ तयारीच्या पुरुष खेळाडूंना चार वेगवेगळ्या दिवशी कॉफी, कॅफीन, कॅफीन काढलेली कॉफी आणि नुसतं बनावट पेय दिलं. तासाभरानं त्यांनी अर्धा तास बेताच्या वेगानं सायकल मारली आणि मग ठरावीक काम शक्य तितक्या लवकर संपवलं. बनावट पेयावर ज्या कामाला ४० मिनिटं लागत होती, ते कॉफीवर आणि कॅफीनवर सुमारे ३८ मिनिटांत झालं. कॅफीन काढलेल्या कॉफीनं काहीच फरक पडला नाही. म्हणजे काम कॅफीनचं, आणि ते कपातून आलं तरी चालतं.

कमी मात्रेवरही परिणाम दिसतो. प्रशिक्षित धावपटूंच्या एक मैलाच्या धावेत, वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम कॅफीन मिळेल इतकी कॉफी दिल्यावर, वेळ साधारण १.३ टक्क्यांनी कमी झाला. सगळे प्रयोग एकत्र पाहिले तर दमाच्या खेळांत म्हणजे धावणं, सायकल, पोहणं यांत २ ते ४ टक्के सुधारणा धरता येते. वजनं उचलण्यात फायदा होतो, पण तो आणखी लहान असतो.

हे टक्के आपल्या हिशेबात आणून बघा. १० किलोमीटरला ६५ मिनिटं लागणाऱ्या माणसाचं २ टक्के म्हणजे सव्वा मिनिट. शर्यतीत ते मोलाचं आहे. पण अर्धा तास बागेत फेऱ्या मारायच्या असतील तर ते सव्वा मिनिट कुठे जमा करणार? चालायला जाणाऱ्यांनी कॉफी आवडते म्हणून प्यावी. व्यायामासाठी ती लागतेच असं समजून पिऊ नये.

## ‘एक कप’ हे माप नाही

प्रयोगांमध्ये सर्वाधिक तपासलेली मात्रा वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम अशी आहे. काहींना २ मिलिग्रॅमवरही फायदा होतो. ९ मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर कामगिरी आणखी सुधारत नाही, फक्त धडधड, मळमळ आणि बेचैनी वाढते.

मात्र युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५मध्ये सगळे पुरावे पाहून सांगितलं, की निरोगी प्रौढासाठी एका वेळी २०० मिलिग्रॅम आणि दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत काळजीचं कारण नाही. एका वेळचा हा आकडा जोरदार व्यायामाआधीच्या दोन तासांनाही लागू आहे. ८० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅमच्या हिशेबानं ४८० मिलिग्रॅम होतात, म्हणजे एका वेळच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ही मात्रा देखरेखीखाली प्रयोग करणाऱ्या खेळाडूंची आहे. हौशी माणसानं दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅमवर थांबावं आणि वजन कितीही असलं तरी एका वेळी २०० च्या वर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता हे मिलिग्रॅम चमच्यात कसे बसवायचे ते पाहू. समजा एका धावपटू बाईचं वजन ६० किलो आहे आणि रविवारी सकाळी ६ वाजता १० किलोमीटरची शर्यत आहे. दर किलोला २ मिलिग्रॅम धरले तर १२० मिलिग्रॅम लागतील, ३ धरले तर १८०.

घरात इन्स्टंट कॉफीची बाटली आहे. शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या १ ग्रॅममध्ये साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे १२० साठी ४ ग्रॅम आणि १८० साठी ६ ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात दीड ते दोन ग्रॅम कॉफी मावते, शीग लावली तर तीनही. त्यामुळे चमच्यावर विसंबू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा आपला चमचा मोजून घ्या, मग पुढे रोज मोजायची गरज नाही.

इथेच आपल्याकडची मोठी मेख आहे, ती म्हणजे चिकोरी. चिकोरी ही एका झाडाची भाजून दळलेली मुळं. तिच्यामुळे रंग दाट येतो, चव कडसर-गोड होते, पण तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालायला परवानगी आहे आणि तिचं प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. बाजारात ७०:३० आणि ५३:४७ अशी मिश्रणं सर्रास मिळतात. ५३:४७ मिश्रणाच्या एका ग्रॅममध्ये कॅफीन साधारण १६ मिलिग्रॅमच उरतं. म्हणजे वरच्या धावपटूला १२० मिलिग्रॅमसाठी ४ ग्रॅमऐवजी साडेसात ग्रॅम पावडर लागेल. तिनं रोजच्या सवयीनं एक चमचा घालून कॉफी प्यायली, तर तिच्या पोटात जेमतेम ३० मिलिग्रॅम गेलं. ‘मला कॉफीनं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या कित्येकांची गोष्ट एवढीच असते. आधी बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा.

फिल्टर कॉफीचा हिशेब जरा ढोबळ राहतो. तिथे बियांची जातही आडवी येते. अरेबिकाच्या बियांत वजनाच्या सुमारे १.२ टक्के कॅफीन असतं, रोबस्टात २.२ टक्क्यांच्या आसपास, आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा मोठा आहे. फिल्टरच्या भांड्यात ८०:२० ची १० ग्रॅम पावडर घातली आणि त्याचा सगळा अर्क एकट्यानं घेतला, तर शंभरच्या आसपास मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. तोच अर्क दोन कपांत वाटला तर प्रत्येकी निम्मं. दुसऱ्या पाण्याचा अर्क मात्र हिशेबात घेऊ नका, कारण बरंचसं कॅफीन पहिल्याच पाण्यात उतरतं.

पोषण संस्थेनं १५० मिलिलीटर कपासाठी दिलेले आकडे ताडून बघायला बरे पडतात: गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. चहा इथे दुर्लक्षून चालत नाही. पहाटे उठल्याबरोबर कपभर चहा झाला असेल आणि मग कॉफी घ्यायची असेल, तर तो चहाही त्याच २०० मिलिग्रॅममध्ये मोजायचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, तेही धरा.

## किती आधी प्यायची?

प्यायल्यानंतर कॅफीन पोटातून लहान आतड्यात जातं आणि तिथून रक्तात उतरतं. काहींच्या रक्तात ते अर्ध्या तासात सर्वांत वर पोचतं, बहुतेकांच्या तासाभरात. भरल्या पोटी हा वेळ लांबतो. म्हणून बहुतेक प्रयोगांत व्यायामाच्या ६० मिनिटं आधी कॅफीन देतात, आणि घरच्या वापरालाही ४५ ते ६० मिनिटं हे अंतर बरोबर बसतं. जिमच्या दारात उभं राहून घाईनं कॉफी घशाखाली घातली, तर तिचा जोर येईपर्यंत निम्मा व्यायाम उरकलेला असतो.

पण शर्यतीच्या दिवशी घड्याळ पोटाच्या हिशेबानंही लावावं लागतं. कॉफीमुळे मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. हे सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना प्यायल्यावर काही मिनिटांतच संडासाला जावंसं वाटतं. हाच परिणाम घरी झाला तर सोय, आणि मैदानावर फिरत्या शौचालयापुढच्या रांगेत झाला तर अडचण. वरच्या उदाहरणात सुरुवात ६ वाजता आहे आणि घरापासून मैदान २० मिनिटांवर आहे, असं धरू. ४ वाजून ४५ मिनिटांनी उठून एक केळं किंवा पावाचे दोन तुकडे खावेत. ५ वाजता कॉफी प्यावी, दहा मिनिटांत संपवावी. ५:२५ पर्यंत पोट मोकळं होतं आणि निघता येतं. ५:४५ ला रांगेत उभं राहताना कॅफीन चढतं आहे आणि ६ वाजता ते जवळपास पूर्ण चढलेलं आहे.

शर्यत अर्धा तास उशिरा सुटली तर घाबरायचं कारण नाही. चढलेलं कॅफीन लगेच उतरत नाही. ते निम्मं व्हायला सरासरी ५ तास लागतात, त्यामुळे १० किलोमीटर काय, अर्धमॅरेथॉनही त्यात आरामात बसते. उशीर झाला म्हणून आणखी एक कप घेणं ही मात्र नेहमीची चूक आहे.

दूध चालतं का? चालतं. दुधामुळे कॅफीन नाहीसं होत नाही. पण कपभर सायीचं दूध पोटात ठेवून पळणं जड जातं आणि ढेकर, मळमळ होते. शर्यतीआधी काळी किंवा चमचाभर दुधाची कॉफी बरी. साखर हवी तर घाला, एक चमचा साखरेनं काही बिघडत नाही. कॉफी उकळती पिऊ नका, म्हणजे ती वेळेत संपते.

## पहिला प्रयोग शर्यतीच्या दिवशी नको

एकच मात्रा दोन माणसांना सारखी लागू पडत नाही. कॅफीन मोडायचं काम यकृतातलं एक विकर करतं आणि त्याचा वेग जन्मतःच कुणात जास्त, कुणात कमी असतो. शिवाय सिगारेट ओढणाऱ्यांत कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगानं मोडतं, तर गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत ते जवळजवळ दुप्पट वेळ टिकतं. म्हणून मैत्रिणीची मात्रा आपली म्हणून उचलू नये.

शर्यतीच्या महिनाभर आधी एक साधी चाचणी घेता येते. नेहमीचा ५ किलोमीटरचा रस्ता ठरवा. एका रविवारी कॉफीशिवाय पळा, पुढच्या रविवारी दर किलोला २ मिलिग्रॅमच्या हिशेबानं कॉफी घेऊन, मग पुन्हा एकदा तशीच जोडी. उठायची वेळ, खाणं आणि निघायची वेळ सारखीच ठेवा. वेळेबरोबर तीन गोष्टी लिहून ठेवा: पोट कसं होतं, पळायच्या आधी छातीत धडधड वाटली का आणि त्या रात्री झोप कशी लागली. तीनही ठीक असतील आणि वेळ सुधारला असेल, तर ती मात्रा पक्की. काहीच फरक नसेल तर ३ मिलिग्रॅम करून बघा. त्रास झाला तर खाली या, वर जाऊ नका.

जास्त झाल्याची खूण पळायच्या आधीच मिळते. बोटं बारीक थरथरतात, तोंड कोरडं पडतं, उगाच धास्ती वाटते. दुसरी खूण शर्यतीत दिसते, आणि ती हौशी धावपटूंना फार महागात पडते. कष्ट कमी वाटत असल्यानं पहिले दोन किलोमीटर नेहमीपेक्षा खूप जोरात जातात आणि सातव्या किलोमीटरला पाय संपतात. दोष कॉफीचा नसतो, अंदाज चुकलेला असतो. कॉफी घेतली असेल त्या दिवशी पहिले तीन किलोमीटर मनाच्या नाही, घड्याळाच्या वेगानं पळायचे.

## रोज पिणाऱ्याला काय फायदा?

रोज कॉफी पिणाऱ्याचं शरीर सरावतं आणि मग शर्यतीत उपयोग होत नाही, म्हणून आठवडाभर आधी कॉफी बंद करावी, असं पूर्वी सांगत. ब्राझीलमधल्या साओ पाउलो इथं २०१७मध्ये ४० सायकलपटूंवर हे तपासलं. रोजचं कॅफीन कमी, मध्यम आणि जास्त असलेले असे तीन गट केले आणि तिघांनाही दर किलोला ६ मिलिग्रॅम दिलं. तीनही गटांत सुधारणा दिसली, आणि ती रोजच्या सवयीवर अवलंबून नव्हती.

कॉफी अचानक सोडली तर दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकतं, चिडचिड होते आणि हे दिवस नेमके शर्यतीच्या आठवड्यात येतात. सोडू नका. फक्त मात्रा रोजच्यापेक्षा थोडी जास्त पडेल याची खात्री करा, कारण रोज ज्याच्या पोटात सकाळी १०० मिलिग्रॅम जातं, त्याला शर्यतीच्या दिवशीही १०० दिलं तर तो नुसता रोजच्यासारखाच असतो.

## कॉफीनं अंगातलं पाणी जातं ना?

लघवी थोडी वाढते हे खरं, विशेषतः सवय नसलेल्यांत. पण कॉफीत पाणीही असतंच. बर्मिंगहॅममध्येच कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांवर झालेल्या अभ्यासात त्यांनी तीन दिवस रोज चार मग कॉफी प्यायली आणि दुसऱ्या फेरीत तितकंच पाणी. शरीरातल्या पाण्यात मोजण्याजोगा फरक आढळला नाही. मे महिन्यात मुंबईत किंवा पणजीत पळणाऱ्याचं पाणी घामातून जातं. त्याची भरपाई पाण्यानं आणि मिठानं करायची, कॉफीवर आळ घेऊन भागत नाही.

## चरबी जळते म्हणून प्यावी का?

कॅफीननंतर व्यायाम करताना शरीर चरबी थोडी जास्त वापरतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. पण व्यायामाच्या त्या तासात वापरलेली चरबी आणि महिनाभरानं काट्यावर दिसणारं वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभरात खाल्लं किती, यावरच वजन ठरतं. उपाशीपोटी कडक कॉफी पिऊन जोरात व्यायाम करण्याची जी पद्धत पसरली आहे, तिच्यातून वजन घटण्याऐवजी पित्त वाढतं आणि चक्कर येते.

यापेक्षा जास्त काळजी डब्यातल्या व्यायामपूर्व पावडरींची वाटते. त्यांच्या एका मापात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असणं अगदी साधारण आहे, आणि लोक दोन मापं घालतात. निव्वळ कॅफीनची पावडर तर घरात आणूच नये. चहाचा एक चमचा म्हणजे तीनेक ग्रॅम, म्हणजेच ३,००० मिलिग्रॅम. घरगुती काट्याला अर्धा ग्रॅम धड दिसत नाही आणि तेवढ्या चुकीत एका वेळच्या सुरक्षित मात्रेची अडीचपट पोटात जाते. गरम कपातून कॉफी पिताना माणूस आपोआप थांबतो. पावडरीला तसा कुठला अडसर नाही.

खेळाडूंसाठी एक खुलासा: कॅफीन २००४पासून जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही. तिचं त्यावर फक्त लक्ष असतं. कॉफी पिऊन स्पर्धेत उतरणं नियमबाह्य नाही. पावडरींत मात्र न छापलेली द्रव्यं निघू शकतात आणि त्यांची जबाबदारी खेळाडूवरच येते.

## कुणी टाळायची

हृदयविकार असलेल्यांनी, अँजिओप्लास्टी झालेल्यांनी किंवा छातीत अनियमित ठोके जाणवणाऱ्यांनी व्यायामाआधीची कॉफी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. व्यायामात हृदयाच्या स्नायूला जास्त रक्त लागतं आणि त्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्या रुंदावण्यात ॲडेनोसिनचाही हात असतो, आणि कॅफीन नेमकं त्यालाच अडवतं. झुरिकमध्ये निरोगी लोकांवर २००६मध्ये झालेल्या अभ्यासात २०० मिलिग्रॅम कॅफीननंतर व्यायामातली हृदयाच्या रक्तपुरवठ्याची ही वाढ सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाली. निरोगी हृदयाला ते सोसतं. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला सोसेलच असं नाही.

रक्तदाब आटोक्यात नसेल तरीही नको. कॅफीनमुळे, विशेषतः सवय नसलेल्यांत, वरचा दाब काही काळ ५ ते १० अंकांनी चढू शकतो, आणि श्वास रोखून जड वजन उचलताना तो मुळातच उसळतो. घरी यंत्र असेल तर कॉफीआधी आणि ४५ मिनिटांनंतर दाब मोजा. फरक १० किंवा त्याहून जास्त आला तर वजनं उचलायच्या दिवशी कॉफी टाळा.

थायरॉईडची गोळी सकाळी घेणाऱ्या अनेकजणींकडून एक चूक नकळत होते. उठल्यावर गोळी, लगेच कॉफी आणि मग चालायला. कॉफीमुळे ती गोळी रक्तात कमी उतरते आणि मग गोळी वेळच्या वेळी घेऊनही तपासणीतला टीएसएच वरच राहतो. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफी निदान अर्ध्या तासानं, जमलं तर तासानं. पहाटेच्या व्यायामात ते बसत नसेल, तर गोळीची वेळ रात्री नेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. लोहाच्या गोळ्यांचंही असंच आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींनी आणि बायकांनी लोहाची गोळी आणि कॉफी यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. पोषण संस्था जेवणाजवळ कॉफी नको म्हणते, तेही याच कारणानं: कॉफीतले घटक अन्नातलं लोह बांधून ठेवतात.

गर्भवतींसाठी दिवसभराची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. शेवटच्या महिन्यांत कॅफीन शरीरातून निघायला कितीतरी जास्त वेळ लागतो, काहींत ते निम्मं व्हायलाच १५ तासांपर्यंत. अशा वेळी व्यायामासाठी म्हणून वेगळी कॉफी घेऊच नये. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असताना यकृताचं तेच विकर मंदावतं, त्यामुळे रोजची कॉफीही अंगावर येते. तो कोर्स संपेपर्यंत थांबा. ज्यांना घबराटीचे झटके येतात, त्यांना कॉफीनंतरची धडधड आणि झटक्याची धडधड वेगळी ओळखता येत नाही. त्यांनी यापासून दूर राहावं. आंबट ढेकर आणि छातीत जळजळ यांचा त्रास असलेल्यांनीही, कारण कॉफी आणि धावण्याचे हिसके दोन्ही मिळून आम्ल वर ढकलतात. शाळकरी खेळाडूंना तर सराव, झोप आणि खाणं नीट असलं की कॅफीनची काही गरज नसते. आंतरशालेय सामन्याआधी त्यांच्या हातात एनर्जी ड्रिंकचे डबे देणं पालकांनी आणि प्रशिक्षकांनी थांबवावं.

## संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांचं काय?

ऑफिस सुटल्यावर ७ वाजता व्यायाम, म्हणून ६ वाजता १८० मिलिग्रॅमची कॉफी. निम्मं व्हायला ५ तास धरले, तर रात्री ११ वाजता ९० मिलिग्रॅम अंगात शिल्लक आहे, म्हणजे अंथरुणावर पडता पडता इन्स्टंट कॉफीचा दीड कप प्यायल्यासारखं. पहाटे ४ वाजताही ४५ मिलिग्रॅम आहेच. एका अभ्यासात झोपेच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनं झोप तासाभराहून जास्त कमी केली होती. ‘मला कॉफी पिऊनही झोप लागते’ असं म्हणणाऱ्यांची झोप लागते हे खरं, पण ती उथळ होते आणि ते त्यांना कळत नाही. सकाळी जड वाटतं, त्यासाठी पुन्हा कॉफी, आणि संध्याकाळी व्यायामासाठी आणखी एक.

रात्री ११ वाजता झोपणाऱ्यानं दुपारी ३ नंतर मोजून कॅफीन घेऊ नये. ७ च्या व्यायामाआधी पोटात काही हवं असेल तर ५ वाजता मूठभर शेंगदाणे आणि एखादं केळं, वर पाणी. कॉफीची चव हवीच असेल तर नुसत्या चिकोरीचं पेय करता येतं. तिच्यात कॅफीन नसणं सकाळी अडचणीचं ठरलं होतं, संध्याकाळी तेच सोयीचं आहे.